टोमणा बोलणाऱ्याचा असतो, आयरनी कुणाची असते? – ‘शारदा’ नाटकाच्या निमित्ताने

माझी मावसबहीण दहावीत आहे. इंग्रजीच्या पेपरची तयारी करताना तिने मला विचारलं, “ताई, आयरनी म्हणजे टोमणाच ना? आणि सरकॅझम म्हणजे जरा जास्त लागणारा टोमणा?” मी “नाही” म्हणाले आणि पुढे काय सांगायचं तेच सुचेना. नेट-सेटच्या तयारीत दोन्ही व्याख्या मी पाठ केल्या होत्या, पण पाठ व्याख्या समोरच्या मुलीला सांगायला गेलं की कळतं, आपल्यालाच ती नीट कळलेली नाही. म्हणून तिला मग जे समजावलं, ते इथे जरा विस्ताराने लिहिते आहे. तुमच्यापैकी जे साहित्याच्या पीएचडीसाठी रूपरेषा लिहिताहेत, त्यांच्या कामाचं यात काही निघेल. रूपरेषेतल्या ‘संज्ञांचं स्पष्टीकरण’ या भागात हे दोन शब्द बऱ्याचदा एकमेकांच्या जागी येतात, आणि तिथे झालेली गफलत पुढे प्रबंधभर तशीच राहते.

आधी घरातलंच उदाहरण घेऊ. सकाळचे दहा वाजलेत, मुलगा आत्ता उठून आलाय आणि आई म्हणते, “उठलात का महाराज? अजून थोडं निजायचं होतंत की.” शब्दांचा अर्थ एक आणि आईला म्हणायचं आहे नेमकं उलटं. शिवाय मुलाला लागावं, हाही हेतू आहे. एरवी ‘तू’ म्हणणारी आई इथे ‘अहो-जाहो’वर आली, हेही बघा. मराठीत सरकॅझम ओळखण्याची ही फार चांगली खूण आहे, अचानक वाढलेला आदर. इंग्रजी पुस्तकांत ती सापडत नाही, कारण त्या भाषेत ‘तू’ आणि ‘आपण’ हा भेदच उरलेला नाही. तुमचं काम मराठी संवादांवर असेल तर सर्वनाम कुठे बदलतं ते टिपून ठेवा.

आता दुसरं वाक्य. पाहुणी आलेली काकू, घरातली मुलगी मोबाइलवर, आणि काकू यजमानीणबाईंना म्हणते, “आमच्याकडे बाई मुलींना लहानपणापासून कामाची सवय आहे.” हा अस्सल टोमणा. पण यात उलटं काहीच नाही. काकूंच्या मुलींना खरोखर कामाची सवय असेल. वाक्य सरळ आहे, निशाणा तेवढा वाकडा.

म्हणजे इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे दुखवायचा हेतू. दुसरी म्हणजे फट: बोललेलं आणि खरं असलेलं, दिसणारं आणि घडणारं, यांच्यातलं अंतर. काकूंच्या वाक्यात हेतू आहे, फट नाही. आईच्या वाक्यात दोन्ही आहेत. सरकॅझम साधारणपणे तिथे असतो जिथे ही दोन्ही एकत्र येतात. (काही अभ्यासक काकूंच्या वाक्यालाही सरकॅझम म्हणतील. त्यांच्या मते तुच्छता पुरेशी आहे, उलटेपणा लागत नाही. हा वाद मिटलेला नाही. तुम्ही कोणती बाजू घेता ते पहिल्या प्रकरणात सांगून टाका, म्हणजे पुढे अडचण येत नाही.) आयरनीला मात्र फट लागते, आणि दुखवायचा हेतू लागत नाही. एवढंच काय, बोलणाऱ्याला ती कळलेली असण्याचीही गरज नाही.

हे शेवटचं वाक्य बहिणीला पटलं नाही. “बोलणाऱ्यालाच माहीत नाही, मग आयरनी केली कुणी?” प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर घरगुती उदाहरणांत मिळत नाही. त्यासाठी नाटक लागतं. मी तिला गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’ची गोष्ट सांगितली. हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आलं.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. भुजंगनाथ हा श्रीमंत म्हातारा, त्याला पुन्हा लग्न करायचंय. भद्रेश्वर दीक्षित हा लग्नं जुळवून देणारा दलाल. कांचनभट हा पैशासाठी आपली मुलगी, शारदा, या म्हाताऱ्याला द्यायला तयार झालेला बाप. आई इंदिराकाकूला हे मान्य नाही, पण तिचं चालत नाही. कोदंड नावाचा तरुण या लग्नाच्या विरोधात उभा राहतो. या एका नाटकात आपल्याला हवे ते तीनही प्रकार मिळतात.

पहिला प्रकार गाण्यात आहे. शारदेच्या मैत्रिणी नवऱ्या मुलाच्या वयावर जे पद म्हणतात ते आजही लोकांना पाठ असतं. त्यात नवरदेवाचं वय पाऊणशे सांगितलं जातं, म्हणजे पंचाहत्तर, आणि तेही ‘हे काही फार नाही’ अशा थाटात. कुणाचीही इथे फसगत होत नाही. म्हणणाऱ्या मुलींना खरं माहीत आहे, ऐकणाऱ्या शारदेला माहीत आहे, प्रेक्षकांना माहीत आहे. निशाणाही स्पष्ट आहे, तो म्हातारा. हा सरकॅझम.

पण एवढ्यावर थांबलं तर गाण्यातली खरी गंमत हातून निसटते. अर्थ उलटा आहे, हे तर कुणीही सांगेल. भाषाशास्त्रात पॉल ग्राइस यांच्या १९७५ च्या लेखात याचं साधं उत्तर आहे: बोलणारा उघडउघड खोटं बोलतो, तेव्हा ऐकणारा समजतो की त्याला दुसरं काही सुचवायचंय. हे बरोबर आहे, पण अपुरं आहे. उघड खोटं तर हजार प्रकारे बोलता येईल. मुलींनी म्हाताऱ्याला उंट का म्हटलं नाही, ‘फार वय नाही’ हेच का म्हटलं? डॅन स्पर्बर आणि डीअड्री विल्सन यांनी १९८१ मध्ये याचं उत्तर सुचवलं. त्यांच्या मते अशा वेळी बोलणारा स्वतःचं म्हणणं मांडतच नसतो. तो दुसऱ्या कुणाचं तरी म्हणणं परत उच्चारतो, त्याचा प्रतिध्वनी काढतो, आणि त्यापासून आपण किती लांब आहोत ते आवाजातून दाखवतो. आता गाण्याकडे परत या. ‘वय फार नाही’ हे वाक्य मुळात कुणाचं? दलालाचं. ते मान्य करणाऱ्या बापाचं. ज्या मोठ्या माणसांनी हा व्यवहार ठरवला, त्या सगळ्यांचं. मुली फक्त म्हाताऱ्याला हसत नाहीत, त्या बैठकीतल्या सगळ्या थोरांची नक्कल करताहेत. म्हणजे निशाणे दोन आहेत, आणि दुसरा निशाणा जास्त मोठा आहे. व्याख्येत ‘उलटा अर्थ’ एवढंच लिहून ठेवलं असतं तर हा दुसरा निशाणा दिसला नसता.

तुमच्या संहितेत असा उतारा आला की अर्थ उलटा करून थांबू नका. हे वाक्य आधी गंभीरपणे कुणी म्हटलं असतं, किंवा म्हणालं असतं, ते शोधा. आईच्या वाक्यातही ते चालतं. ‘महाराज’ ही त्या मुलाने स्वतःबद्दल करून घेतलेली समजूत आहे, आई तीच परत त्याला ऐकवते.

दुसरा प्रकार, आणि बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर, भद्रेश्वर आणि भुजंगनाथ यांच्यात आहे. दलाल म्हाताऱ्याला लग्नाच्या भरीला घालतो. नमुन्यादाखल एक वाक्य मी रचते, देवलांचं नाही, माझं: “वयाचं काय घेऊन बसलात, आपल्यासारखा रुबाब आजच्या पोरांत आहे का?” भुजंगनाथ हे खरं मानून सुखावतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो.

हा सरकॅझम आहे का? बरेच विद्यार्थी ‘हो’ लिहितात, कारण वाक्य मुलींच्या गाण्याच्या अगदी जवळचं आहे. दोन्हीकडे म्हाताऱ्याला तरुण म्हटलंय. पण भद्रेश्वरला म्हाताऱ्याला टोचायचं नाहीये. टोचलं तर लग्न मोडेल आणि त्याची दलाली बुडेल. त्याला ते वाक्य खरं वाटायला हवंय. मनात तो हसत असेल, पण ते हसू भुजंगनाथापर्यंत पोचू नये यासाठीच त्याची सगळी धडपड आहे. ही खुशामत आहे. सरकॅझममध्ये मात्र टोच पोचावी लागते, निदान आसपासच्या कुणाला तरी.

मग लोक हसतात कशाला? कारण त्यांना भुजंगनाथापेक्षा जास्त माहीत आहे. पात्राला वाटतंय आपलं कौतुक चाललंय, आणि खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला दिसतंय की हा विकत घेतला जातोय आणि एक मुलगी विकली जातेय. या फटीला नाट्यगत आयरनी म्हणतात. ती भद्रेश्वरने केलेली नाही, भुजंगनाथाने तर नाहीच. ती देवलांनी केली, पात्रांच्या डोक्यावरून, थेट प्रेक्षकांशी.

हा फरक नुसता काथ्याकूट नाही. भद्रेश्वरच्या तोंडी सरकॅझम आहे असं तुम्ही लिहिलंत, तर तुम्ही त्याला आपोआप शहाण्यांच्या, टीका करणाऱ्यांच्या बाजूला बसवलंत. म्हाताऱ्याची खिल्ली उडवणारा चतुर माणूस, जवळजवळ मैत्रिणींचा साथीदार. पण तो त्या व्यवहारातला नफा घेणारा आहे. एक संज्ञा चुकली आणि नाटकातला गुन्हेगार सुटला. मी एमएला असताना एका निबंधात नेमकं हेच केलं होतं. भद्रेश्वरला ‘समाजाच्या ढोंगावर उपरोधिक भाष्य करणारं पात्र’ म्हटलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी समासात एवढंच लिहिलं होतं: “भाष्य कुणाचं?”

ओळखायची एक साधी रीत मी त्यानंतर ठेवली आहे. वाक्यातून बोलणाऱ्याचा टोचण्याचा हेतू काढून टाकायचा आणि काय उरतं ते बघायचं. मैत्रिणींनी ते गाणं अगदी मनापासून, म्हाताऱ्याचं वय खरंच फार नाही असं मानून म्हटलं आहे अशी कल्पना करा. गाणं कोसळतं. भद्रेश्वर मात्र अगदी प्रामाणिक आहे असं मानलं, त्याला म्हातारा खरोखर तरुण वाटतो असं धरलं, तरी प्रेक्षक हसतीलच. कदाचित जास्तच हसतील. जे कोसळतं तो सरकॅझम. जे टिकतं ती लेखकाने परिस्थितीत बांधलेली आयरनी. या रीतीला मर्यादाही आहे. नुसता छापील मजकूर समोर असेल, आवाज नाही, अभिनय नाही, तर हेतू होता की नाही हेच ठरवता येत नाही. नाटकाच्या बाबतीत एखादा नट भद्रेश्वर असा करू शकतो की तो प्रेक्षकांकडे डोळा मारून बोलतोय. मग त्या प्रयोगापुरता तो सरकॅझमच्या जवळ जातो. म्हणून तुमचा दावा संहितेबद्दल आहे की प्रयोगाबद्दल, हे लिहायला विसरू नका.

तिसरा प्रकार कुणाच्याच वाक्यात नाही, तो घटनेत आहे. हे लग्न शेवटी मोडतं कशाने? वयाने नाही. मुलीच्या नकाराने नाही. आईच्या रडण्याने नाही. भुजंगनाथ आणि शारदा सगोत्र आहेत हे कोदंड उघड करतो, त्याने मोडतं. थोडं थांबून विचार करा. पंचाहत्तरीच्या माणसाने एका लहान मुलीशी लग्न करणं त्या समाजाला चालत होतं, पण सगोत्र विवाह चालत नव्हता. सुधारकाला लग्न थांबवायला सुधारणेचा युक्तिवाद कामी येत नाही, शास्त्राचा नियमच वापरावा लागतो. हे कुणी टोमणा म्हणून बोललं नाही. रंगमंचावर सगळे गंभीर आहेत. तरी फट केवढी मोठी! माझ्या मते नाटकातली सगळ्यात कडवट आयरनी ही आहे, आणि परीक्षेच्या उत्तरांत तिचा उल्लेख सहसा नसतो, कारण सगळे गाण्यापाशीच थांबतात.

हा तिसरा प्रकार शिकला की एक नवा धोका सुरू होतो. सगळीकडे आयरनी दिसायला लागते. दोन उदाहरणं देते, एक आपल्या शहरातलं आणि एक नावातलं.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडून वध केला. त्या रात्री तिथे किर्लोस्कर नाटक मंडळींचा प्रयोग होता, ‘शारदा’चा. जॅक्सन यांची नाशिकहून बदली झाली होती आणि हा प्रयोग त्यांच्या निरोपाचा होता. “शारदा चालू असताना हे घडावं, काय आयरनी!” असं मी एका भाषणात ऐकलं आहे. पण यात आयरनी कुठे आहे? बालाजरठ विवाहावरचं नाटक आणि राजकीय हत्या यांच्यात कोणती अपेक्षा उलटली? त्या रात्री दुसरं कोणतंही नाटक असतं तरी काही बदललं नसतं. हा निव्वळ योग. निरोपाच्या बाबतीत मात्र आयरनी आहे असं म्हणायला जागा आहे. ज्या समारंभाने माणसाला मानाने शहराबाहेर पाठवायचं, त्याच समारंभात त्याचा शेवट झाला. जो नाशिक सोडून जाणारच होता तो नाशिकमध्येच मारला गेला, आणि बदली जवळ आल्यामुळेच कटवाल्यांना घाई करावी लागली. इथे घटना आपल्याच उद्देशाच्या विरुद्ध वळली आहे. एकाच रात्रीतल्या दोन तपशिलांपैकी एक योगायोग, एक आयरनी.

दुसरं उदाहरण छोटं आहे. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ‘सारडा’ किंवा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो, आणि पुष्कळ जणांना वाटतं की तो या नाटकावरून. तो हरबिलास सारडा यांच्या नावावरून आहे. नावं जुळली, विषयही जुळला, तरी उलटं काही झालं नाही. योगायोग कितीही सुंदर असला तरी फट नसेल तर आयरनी नाही.

आता मराठी शब्दांचा प्रश्न, कारण तुम्हाला प्रबंध मराठीत लिहायचा असेल तर खरी पंचाईत इथे आहे. आपल्या समीक्षेत आयरनीला ‘उपरोध’ म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात ‘उपरोधाने बोलला’ म्हणजे सरकॅझम. एकच शब्द दोन्हीकडे. संस्कृत अलंकारशास्त्रातली ‘व्याजस्तुती’, स्तुतीच्या मिषाने निंदा किंवा निंदेच्या मिषाने स्तुती, मैत्रिणींच्या गाण्याला चांगली बसते. पण ती बोललेल्या वाक्यापुरती आहे, सगोत्राच्या प्रसंगाला लागू पडत नाही. ‘वक्रोक्ती’ तर कुंतकाकडे गेलं की सगळ्या काव्यालाच व्यापून बसते, ती इतक्या छोट्या कामाला वापरू नये. घटनेतल्या आयरनीला कुणी ‘दैवदुर्विलास’ म्हणतात. त्यात दैव येतं, आणि शारदेच्या लग्नात दैवाने काही केलेलं नाही, माणसांनीच केलंय. माझ्या कामात मी आयरनीसाठी ‘उपरोध’ ठेवला आहे, त्याच्याआधी ‘शाब्दिक’, ‘नाट्यगत’, ‘प्रसंगगत’ अशी विशेषणं लावते, आणि सरकॅझमला सरळ ‘टोचरा उपरोध’ म्हणते. माझ्या मार्गदर्शक बाईंना ‘टोचरा’ फार घरगुती वाटतो. मला तो त्याच कारणासाठी आवडतो. तुम्ही दुसरे शब्द निवडाल तरी हरकत नाही, फक्त एकदा निवडलेला शब्द पन्नासाव्या पानावर बदलू नका.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण ताई, मैत्रिणींचं ते गाणं भुजंगनाथाने भिंतीआडून ऐकलं असतं आणि त्याला ते खरंच कौतुक वाटलं असतं तर?”

मग मुलींकडून तो सरकॅझमच राहिला असता आणि प्रेक्षकांसाठी त्याच गाण्यात नाट्यगत आयरनीही आली असती. एकच वाक्य, दोन ठिकाणांहून दोन नावं. तिने वहीत दोन बाण काढले, एक मुलींकडून म्हाताऱ्याकडे, दुसरा देवलांकडून प्रेक्षकांकडे, आणि दुसऱ्या बाणापुढे लिहिलं, ‘हा त्याला दिसत नाही’.